बरंय मग, ठिवतो

ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा गावाकडच्या आईला येणारा रोजचा फोन, या विषयावर लघुकथा लिहायला बसणाऱ्याची पहिली पंचाईत ही, की त्यात काही घडतच नाही. कथेला म्हणे संघर्ष लागतो, वळण लागतं, शेवटी एखादा धक्का लागतो. इथे सगळा संवाद असा: “माय.” “बोल रं.” “जेवलीस का?” “जेवले. तू?” “जेवलो. पोरं?” “निजले.” “बरंय मग, ठिवतो.” “ठिव.” संपली कथा. घड्याळ लावलं तर पाऊण मिनिट भरायची मारामार, आणि त्यातलीही पहिली काही सेकंदं ‘हॅलो, हॅलो, येतोय का आवाज’ यातच जातात. दुसऱ्या दिवशी हाच संवाद, तिसऱ्या दिवशीही हाच. दिवाळी अंकाच्या संपादकाकडे अशी कथा गेली तर पुढची पानं टपालात गहाळ झाली का, असं तो विचारील. मग हुशार लेखक त्यात भर घालतो. माय डोळ्यांना पदर लावते, पोराचा गळा दाटून येतो, लांबवर कुठे तरी पावा वाजतो आणि कथा बक्षिसाला पात्र होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशी भर घालणारा लेखक त्या फोनचं वाटोळं करतो. तो फोन आखूड आहे, रोजचा आहे आणि शब्दन्‌शब्द कालच्यासारखा आहे, म्हणून तर तो कामाचा आहे. त्यात एक वाक्य जरी जादा आलं तरी त्या मायची झोप उडते. ती का उडते हे नीट पाहिलं, की कथा आपोआप हाती लागते आणि पाव्याचं मानधन वाचतं.

आधी माणसं कोण ते पाहू. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मोजमाप माणसांत नसतं, कोयत्यात असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटाच गडी असला तर अर्धा कोयता. म्हणजे लग्न न झालेल्या मुलाला समाज अपुरा समजतो ही तक्रार शहरात नुसती बोलण्यापुरती असते, इथे ती मुकादमाच्या वहीत लिहिलेली असते. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत कोयता त्याच्या टोळीत बांधलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, फडाच्या कडेला पाचटाच्या नाही तर ताडपत्रीच्या कोपीत राहायचं. धडधाकट माणसं अशी निघून गेली, की गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं आणि शेरडं. पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती सगळीकडे आणि वेळेवर असतीलच असं नाही. त्यामुळे खरं हंगामी वसतिगृह म्हणजे आजी. तिथे अधीक्षक, स्वयंपाकीण, पहारेकरी आणि अभ्यास घेणारी अशी चारही पदं तिच्याकडे असतात, आणि पगार म्हणून रोज रात्री पाऊण मिनिटाचा फोन.

हा फोन लागावा म्हणून दोन्हीकडे बराच खटाटोप चालतो. कोपीत वीज नसते. मोबाइल चार्ज करायचा तर मालकाच्या मोटारीच्या पेटीवर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही तर रस्त्यावरच्या पानटपरीवर, तेही टपरीवाल्याच्या मर्जीने. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि गाडी येईल तेव्हा ती भरायची. गाडीला वेळकाळ नसतो, ती रात्री अकरालाही येते. या सगळ्यातून फोनसाठी उरतो तो कोपीपुढे चूल पेटल्यानंतरचा अर्धा तास, आणि त्या वेळी बॅटरीच्या खुणेत एकच काडी शिल्लक असते. त्यात कोयता जोडीचा असल्यामुळे एका फोनला दोन माया असतात. आधी त्याची माय आणि उरलेल्या काडीवर तिची. सूनबाईचा माहेरचा फोन म्हणूनच आणखी आखूड असतो: “बये, बरी हायस ना? बरं.” सासू-सुनेच्या नात्यावर हजारो पानं लिहून झाली, पण बॅटरीची वाटणी कुणी हिशेबात धरलेली दिसत नाही. इकडे गावात मायचा बटणांचा मोबाइल फडक्यात गुंडाळून फळीवर, नाही तर कनवटीच्या पिशवीत असतो. तिला अक्षरं येत नसली तर नातवाने पहिल्याच जागी बापाचा नंबर भरून ठेवलेला असतो. वाजला की हिरवं बटण दाबायचं आणि जोरात बोलायचं. अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे हे तिला ठाऊक असल्यामुळे आवाजही ती त्या मानाने लावते. त्यामुळे फोन एकाला येतो आणि आळीला कळतो.

आता यात ती नेमकं काय ऐकते? शब्द तर ती ऐकतच नाही, कारण ते तिला पाठ आहेत. ‘जेवलीस का’ हे वाक्य सुरू होण्याआधीच ‘जेवले’ हे उत्तर निघालेलं असतं. तिचं सगळं लक्ष शब्दांच्या मागे असतं. ‘माय’ हा पहिला शब्द बसून म्हटलाय की आडवं पडून, आवाज कोरडा आहे की सर्दीने बसलाय, मागे भाकरी थापल्याचा आवाज आहे की नाही. भाकरीचा आवाज असला तर सून उभी आहे, चूल पेटली आहे आणि पीठ शिल्लक आहे, अशा तीन बातम्या एका फटक्यात मिळतात. मागे ट्रॅक्टर घरघरत असला तर आज गाडी रात्री भरायची आहे, म्हणजे झोप नाही. बायकांचं हसणं ऐकू आलं तर टोळीत भांडण नाही. ‘जेवलो’ म्हणण्याआधी तो अर्धा क्षण थांबला तर जेवलेला नाही. ही सगळी तपासणी पाऊण मिनिटात उरकते आणि तिला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. हे जमतं, कारण कालचा फोनही असाच होता. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, साधारण त्याच वेळेला आले की ते शब्द मोजपट्टी होतात आणि त्यावर बाकीचं सगळं मोजता येतं. मुलगा रोज नवनवीन, रसाळ, विविधांगी गप्पा मारू लागला असता तर आवाजातला फरक त्या गप्पांत हरवला असता. वक्तृत्व चांगलं असलेल्या मुलांच्या आयांना ही सोय नसते. त्यांना मुलाच्या खोकल्याची बातमी औषधाच्या बिलावरून कळते.

जुन्या वस्तीत रात्री ‘जागते रहो’ असं ओरडत गस्तवाला फिरायचा. त्याचा हुकूम मानून कुणी जागं राहिल्याचं ऐकिवात नाही. उलट ती आरोळी आली की लोक कूस बदलून निर्धास्त झोपत, आणि एखाद्या रात्री ती आली नाही तर आख्खी आळी उठून बसे. ‘जेवलीस का’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. तो पोटाविषयी नाही, जसा ‘जागते रहो’ हा जागण्याविषयी नव्हता. तो आला, एवढीच त्याची बातमी. त्यामुळे या फोनमध्ये बोलण्यासारखं काही नसतं, अशी तक्रार करणाऱ्याने गस्तवाल्याकडेही व्याख्यानाची मागणी करायला हवी.

एवढं लक्षात आलं की फोनमधला छोटासा बदलही केवढा मोठा होतो ते दिसतं. फोन दुपारी आला तर मायचा हात हिरव्या बटणावर जाण्याआधी छातीवर जातो. कारण दुपारी फडात असलेला माणूस सुखासुखी फोन करत नाही. कोयता पायाला लागला असेल, गाडी उलटली असेल, साप निघाला असेल. फोन तीन मिनिटं चालला तर त्याहून वाईट, कारण वाईट बातमीला प्रस्तावना लागते. आणि सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे मुलाची माया अचानक वाढणं. “माय, गुडघा कसाय तुझा? औषध घेतीस ना? जपत जा,” असं तो बोलू लागला, की तिच्या पोटात गोळा येतो. हंगामभर गुडघ्याची चौकशी न करणारा मुलगा आज गुडघ्यावर आला याचा अर्थ मुकादमाशी बिनसलंय, नाही तर पैशाची अडचण आहे, नाही तर सुनेला दवाखान्यात न्यावं लागलंय. ती त्याला सरळ विचारते, “काय झालं ते सांग आधी.” शहरी पुस्तकं मुलांना शिकवतात की आईशी प्रेमाने, मोकळेपणाने आणि तिच्या तब्येतीची विचारपूस करत बोला. हा सल्ला एखाद्या ऊसतोड्याने एका रात्रीत अमलात आणला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने माय कारखान्यावर हजर.

नमुन्यादाखल फोन न आलेली एक रात्र घेऊ. साडेआठ ही नेहमीची वेळ. नऊपर्यंत माय काही बोलत नाही, नुसती फोन उलटा-सुलटा करून पाहते. सव्वानऊला नातवाला उठवून नंबर लावायला सांगते. इथून पुढे तिचं निदान एखाद्या डॉक्टरने शिकावं असं असतं. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक’ म्हणत बाई फोन बंद असल्याचं सांगू लागली, तर बॅटरी गेली. रोजचीच गोष्ट, काळजी चार आणे. तीच बाई ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ म्हणाली, तर फड बदलला असणार, नवा फड टॉवरपासून लांब असणार, काळजी आठ आणे. पण रिंग वाजत राहिली आणि कुणी उचललंच नाही, तर मात्र रुपया, कारण फोन चालू आहे आणि माणूस त्याच्याजवळ नाही. आता दुसरा टप्पा. शेजारच्या घरातला मुलगा त्याच टोळीत असतो, त्याच्या मायकडे जाऊन त्याला फोन लावायचा. तो सांगतो की टायरगाडी घेऊन तो कारखान्यावर गेलाय, तिथे काट्याला रांग आहे, नंबर लागायला मध्यरात्र होईल, फोन कोपीतच राहिलाय आणि वहिनी पाण्याला गेली होती. एवढ्या तपशिलाने कुठल्याही न्यायालयाचं समाधान झालं असतं. माय म्हणते, “आल्यावर बोलायला सांग.” तिसरा टप्पा मुकादमाचा, पण त्याला फोन करणं ती टाळते, कारण त्याच्याशी बोलणं म्हणजे उचलीचा विषय निघणं. रात्री एकला फोन येतो. “माय.” “जेवलास का?” “जेवलो.” “बरं, ठिव.” या वेळी पंधरा सेकंदांतच आटोपतं. एवढ्यासाठी ती साडेचार तास जागी होती हे तिच्याही लक्षात येत नाही, कारण ती लगेच झोपलेली असते.

कुणी म्हणेल, मोबाइल आला म्हणून हे लाड सुरू झाले. इतिहास उलटं सांगतो. मुंबईच्या गिरणीतला कोकणी चाकरमानी गावी मनिऑर्डर पाठवायचा. तिच्या फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरासाठी बोटभर जागा असे, आणि त्या बोटभर जागेतही तो ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे’ हेच लिहायचा. सविस्तर पत्र लिहिलं तरी अर्धं पत्र शिरसाष्टांग नमस्कारात आणि उरलेलं लहानथोरांस यथायोग्य आशीर्वाद सांगण्यात संपे. ‘पत्रास कारण की’ म्हणून कारण द्यायची पद्धत होती, पण कारण बहुधा नसे. पुढे एसटीडी बूथ आले. रात्र चढली की दर उतरायचा, म्हणून बाहेर रांग लागायची आणि आत बोलणाऱ्याची नजर समोरच्या लाल आकड्यांवर असायची. तिथेही ‘बरा आहे, तुम्ही बरे ना’ एवढंच बोलून माणूस बाहेर पडायचा. २००३ साली मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि मग तर भारतीय माणसाने मिस्ड कॉलची कमाल केली. एक रिंग देऊन फोन कापायचा, म्हणजे मुक्कामाला पोचलो. त्यात एकही शब्द नाही, एकही पैसा नाही, तरी निरोप पोचला आणि माय निजली. माझ्या मुद्द्याला याहून भक्कम पुरावा नको. शब्दांची संख्या शून्यावर आणली तरी काम होत असेल, तर काम शब्द करत नव्हते हे उघड आहे.

विद्वानांनाही हे ठाऊक आहे, फक्त त्यांना ते कळायला फार लांब जावं लागलं. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की हा मानवशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर बराच काळ राहिला. माणसं हवापाण्याच्या, तब्येतीच्या, दिसतंय तेच पुन्हा सांगण्याच्या ज्या गोष्टी बोलतात त्या काही कळवण्यासाठी नसतात, माणसं एकमेकांना धरून ठेवण्यासाठी त्या बोलतात, असं त्याने १९२३ साली लिहिलं. पाटोद्याच्या पत्र्याच्या घरात संध्याकाळी बसला असता तर बोटीचं भाडं वाचलं असतं. पण त्याच्या म्हणण्याला इथली माय एक पुरवणी जोडते. मालिनोवस्कीच्या मते अशा बोलण्यात माहिती हा दुय्यम भाग. मायच्या लेखी त्यात माहितीच माहिती आहे, फक्त ती शब्दांत नाही. ‘निरर्थक बोलणं’ हा शेरा फक्त बाहेरचा माणूस मारू शकतो, कारण त्याने कालचा फोन ऐकलेला नसतो.

यावर हिशेबी माणसांचा आक्षेप असा, की रोज पाऊण मिनिट कशाला? आठवड्यातून एकदा, रविवारी, निवांत पाच-सात मिनिटं बोलावं. बॅटरी वाचेल, मनातलं बोलता येईल. पहिली गोष्ट, ऊस रविवार पाळत नाही. दुसरी अशी, की बेरीज सारखी आली म्हणून दोन गोष्टी सारख्या होत नाहीत. रोज फोन येतो तेव्हा मायची काळजी कधीच एका दिवसाहून जुनी होत नाही. आठवड्याने आला तर सोमवारी काळजी एक दिवसाची, गुरुवारी चार दिवसांची, आणि शनिवारपर्यंत तिला एवढ्या फांद्या फुटतात की रविवारचा पूर्ण वेळ त्या छाटण्यातच जाईल. शिवाय सात मिनिटं बोलायचं काय? फडातला दिवस कालच्यासारखाच असतो, गावातलाही. तिसऱ्या मिनिटाला बोलणं संपेल, मग चौथ्या मिनिटाला भावकीचा विषय निघेल आणि सातव्या मिनिटाला बांधावरून भांडण. आखूड फोन या नात्याला भांडणापासूनही वाचवतो.

दुसरा आक्षेप जरा आधुनिक. व्हॉट्सअ‍ॅप आहे, सकाळी एक ‘शुभ सकाळ’ पाठवून दिलं की झालं. त्यावर गुलाब आहे, उगवता सूर्य आहे, सुविचार आहे, पाऊण मिनिटाच्या रखरखीत संवादापेक्षा किती तरी सुंदर. अडचण अशी, की तो गुलाब पाठवणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. तापाने फणफणलेला माणूसही तो पाठवू शकतो, आणि त्याच्या उशाशी बसलेला दुसराही. गुलाबाला खोकला येत नाही. व्हिडिओ कॉल करावा तर मायकडे तो फोन नाही, नातवाकडे असला तर रेंज नाही, आणि रेंज असली तर कोपीतल्या अंधारात दिसणार काय? शिवाय दिसू नये असंही बरंच असतं. हाताला उसाच्या पात्यांनी पडलेले चरे आवाजात दिसत नाहीत, ही मुलाच्या बाजूने फोनची मोठी सोय आहे. मायच्या बाजूनेही तसंच. नातवाला दोन दिवस ताप होता हे ती ताप उतरल्यावर सांगते, तेही सांगितलं तर.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो दुखऱ्या जागी लागतो: म्हणजे दोघंही खोटं बोलतात. हो, बोलतात. तो न जेवता ‘जेवलो’ म्हणतो, ती दोन घास खाऊन ‘जेवले’ म्हणते. पण खोटं बोलणं म्हणजे समोरच्याला फसवणं, आणि इथे फसत कुणीच नाही. थांबून आलेला ‘जेवलो’ तिला कळतो, तिला कळल्याचं त्याला कळतं, आणि तरीही ती “खरं सांग” म्हणत नाही. म्हणून करणार काय? तीनशे किलोमीटरवरून भाकरी वाढता येत नाही. त्यापेक्षा ‘जेवलो’ म्हणण्याइतकं बळ त्याच्यात शिल्लक आहे, हे तिला पुरतं. खरं सांगायची वेळ आली तर तो नेहमीचे शब्द सोडतो आणि मग ती ऐकते. रोजच्या शब्दांत रोजचं दुःख मावतं. त्या बाहेरचं असेल तर ते शब्द मोडतात, आणि मोडलेले तिला लगेच कळतात.

चौथा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. या फोनचं कौतुक करणं म्हणजे ऊसतोडीच्या हालांवर मायेची पाचट पसरणं, असं कुणी म्हणालं तर ते अर्धं खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडी दिवसभर राबून दीड-दोन टन तोडते, म्हणजे दोघांच्या पहाट ते रात्रीच्या कष्टाचे साडेपाचशे ते सव्वासातशेच्या आसपास, आणि तेही उचलीत वळते होणारे. या हिशेबातला एकही आकडा त्या फोनमध्ये येत नाही. किती टन झाले, उचल किती फिटली, खाडा किती लागला हे तो सांगत नाही आणि ती विचारत नाही. ते पट्टा पडल्यावर, गाडी गावात आल्यावर बोलायचं. म्हणून फोन आला, माय निजली, सगळं ठीक चाललंय असा निष्कर्ष काढणारा माणूस साखरेच्या बाजूचा समजावा. फोन एवढंच सांगतो की माणूस आहे. माणूस नीट आहे का, हे सांगायचं काम दर, वजनकाटा, दवाखाना आणि कायदा यांचं आहे, आणि त्यांनी ते केलं नाही म्हणून फोनला दोष देणं हा तापाबद्दल थर्मामीटरला झोडपण्याचा प्रकार झाला.

उलट फोनवर ज्यांचा खरोखर अधिकार चालतो त्यांनी त्याला महाग करून ठेवलंय. येणारा फोन फुकट झाल्याचा आनंद फार टिकला नाही. २०१८ च्या अखेरीपासून किमान रिचार्जची पद्धत आली आणि रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होऊ लागले. म्हणजे मायला ‘ठिवतो’ हा शब्द ऐकण्यासाठीही भाडं भरावं लागतं. त्यातून कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा. २८ दिवसांचे महिने वर्षात १३ बसतात, त्यामुळे तेरावा महिना फक्त पंचांगात आणि मोबाइलमध्ये येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये किमान एक तरी योजना ३० दिवसांची ठेवा असं कंपन्यांना सांगितलं, आणि २०२४ च्या डिसेंबरात फक्त बोलण्याचे आणि संदेशांचे वेगळे पॅक द्या असंही बजावलं. तोवर कित्येक माया बटणांच्या फोनवर रोजचा दीड जीबी डेटा विकत घेत होत्या. त्या फोनमध्ये इंटरनेट म्हणून जे काही होतं ते नातवाला साप खेळण्यापुरतं.

तेव्हा या फोनचं भलं करायची कुणाला इच्छा असेल तर त्यात भावना घालू नयेत, त्या तिथे गच्च भरलेल्या आहेत. ‘आईशी जास्त बोला’ हा उपदेशही नको. कोपीजवळ चार्जिंगची एक पेटी, गावात उन्हाळ्यातही टिकणारी रेंज आणि महिन्याला महिना म्हणणारा रिचार्ज एवढं दिलं तरी पुष्कळ. त्याहून जास्त करायची तयारी असेल तर ‘जेवलो’ हे उत्तर खरं करावं. गाडी रात्री अकराला भरायची वेळ येऊ नये, काट्यावरचं वजन खरं असावं, उचल एका हंगामात फिटावी. इतकं सगळं झाल्यावर मायलेक मोकळेपणाने तासभर बोलू लागतील अशी आशा मात्र कुणी धरू नये. फोन पाऊण मिनिटाचाच राहील. फक्त ‘जेवलो’च्या आधी तो जो अर्धा क्षण थांबतो, तेवढा वाचेल, आणि ती बॅटरी सुनेच्या मायला मिळेल.